सॉसेज, बेकन आणि १८ टक्के: खुलासा

फिरणारा दावा: "रोज सॉसेज खाणाऱ्या १८ टक्के लोकांना कॅन्सर होतो. ते सिगारेटइतकंच घातक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं."

ऑक्टोबर २०१५ मध्ये या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सांगितलं ते असं: सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्यावरची आहे. समजा, असं मांस न खाणाऱ्या १०० जणांपैकी आयुष्यभरात ५ जणांना हा कर्करोग होतो. पाचाचे १८ टक्के म्हणजे ०.९, तर रोज खाणाऱ्या १०० जणांत साधारण ६ जणांना होईल. बातमीत मूळ आकडाच नसतो, म्हणून घोळ होतो.

कर्करोगाला कारणीभूत गोष्टींच्या या संस्थेच्या वर्गवारीत सिगारेट आणि हे मांस एकाच गटात आहेत हे खरं, पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.

पोस्ट लिहायचीच तर एवढं पुरे: "रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, शंभरात साधारण एक जण जास्त." ताज्या मटण-चिकनला हा आकडा लावू नका.