गोल सेल जुने नाहीत, चपटे सेल फुगतात

लिथियम बॅटरीचा पॅक बांधायचा म्हटलं की असा सल्ला ऐकू येतो: "गोल सेल म्हणजे जुना माल. दोन सेलच्या मधली जागा फुकट जाते आणि आत उष्णता कोंडते. त्यापेक्षा चौकोनी किंवा चपट्या पिशवीतले पाऊच सेल घ्या. जागा पुरेपूर वापरली जाते, लवकर थंड होतात, मजबूतही असतात आणि फुगण्याचा प्रश्नच नाही."

जागेचा मुद्दा अर्धा खरा आहे. मधमाशीच्या पोळ्यासारखे अगदी चिकटवून रचले, तरी गोल सेल ९०.७ टक्केच जागा भरतात. शिवाय कोणी चिकटवून रचत नाही. २१ मिलिमीटर व्यासाच्या २१७०० सेलमध्ये दीड मिलिमीटर अंतर ठेवलं की आकडा ७९ टक्क्यांवर येतो, म्हणजे पाचवा हिस्सा रिकामा. पण पॅक किती ऊर्जा धरतो हे रिकाम्या जागेइतकंच आतल्या रसायनावरही ठरतं. ५ अँपिअर-अवरचा निकेलवाला २१७०० सेल लिटरमागे साधारण ७४० वॉट-अवर देतो, फटी धरूनही ५८० च्या वर. सोलरवाल्यांकडे दिसणारा २८० अँपिअर-अवरचा चौकोनी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, सेल जवळपास ३५० देतो. म्हणून एलएफपी वाईट ठरत नाही; तो जास्त सुरक्षित आहे आणि जास्त टिकतो. मात्र आकाराचं श्रेय रसायनाला किंवा रसायनाचं आकाराला देऊ नये. रसायन एकच असेल तर चौकोनी सेल जागेत जिंकतो, हे कबूल.

थंड होण्याचं गणित उलटं आहे. कुठल्याही सेलमध्ये उष्णता तांब्या-ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या लांबीने सहज वाहते, पण थरांना छेदून जाताना अडखळते. २१७०० मध्ये गाभ्यापासून बाहेरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर साडेदहा मिलिमीटर आहे. २८० च्या सेलची जाडी ७२ मिलिमीटर, म्हणजे मधल्या थरापासून रुंद बाजू ३६ मिलिमीटर दूर. त्यातही ती बाजू शेजारच्या सेलला टेकलेली, त्यामुळे उष्णतेला फॉइलमार्गे तळाकडेच जावं लागतं. पातळ पाऊच खरंच छान थंड होतो, पण त्याच्या रुंद बाजूला थंड प्लेट हवी असते आणि फुगवट्यासाठी फोमही तिथेच हवा असतो. फोम उष्णता अडवतो. एकाच बाजूवर दोघांचा दावा, आणि बहुतेक डिझाइनमध्ये शेवटी तडजोड होते.

आता फुगवटा, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. चार्ज होताना सेलमधलं ग्रॅफाइट साधारण दहा टक्के फुगतं, डिस्चार्ज होताना बसतं. वर्षानुवर्षं इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन थोडा वायूही साठतो. गोल डब्यात हा दाब सगळीकडे सारखा पडतो आणि पत्रा ताणून तो पेलतो. आत १ बार जादा दाब आला, तर पाव मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यात ४ मेगापास्कलच्या आसपास ताण येतो, म्हणजे काहीच नाही. तोच १ बार २८० च्या सेलच्या १७४ बाय २०४ मिलिमीटर सपाट बाजूवर पडला की जोर होतो सुमारे ३६० किलो. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा मध्यभागी पोट काढणारच. पाऊचला तर पत्राच नाही, फक्त प्लास्टिक-ॲल्युमिनियमची पिशवी. तिची ताकद म्हणजे तिच्याभोवतीची चौकट. त्या चौकटीचं वजन तुलनेत धरायचं लोक विसरतात.

माझ्या एका मित्राने घरच्या सोलरसाठी असे २८० चे सोळा चौकोनी सेल नुसत्या टेपने बांधले होते. वर्षभराने स्टीलची पट्टी सेलच्या रुंद बाजूवर आडवी ठेवली, तर मध्ये टेकली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसला. व्हर्नियरने मध्यभागी आणि कडेला जाडी मोजली की हाच फरक आकड्यात मिळतो. सेल एकमेकांना जोडणारी तांब्याची पट्टी, म्हणजे बसबार, कडक असेल तर ही हालचाल थेट टर्मिनलच्या वेल्डवर येते.

या आकाराच्या सेलसाठी काही डेटाशीट ३०० किलोच्या आसपास दाब सुचवतात. सेलच्या रांगेच्या दोन्ही टोकांना जाड प्लेट आणि चार आटे असलेले रॉड लावले, तर प्रत्येक रॉडवर ७५ किलो. इथे नट घट्ट आवळून मोकळं होणं ही दुसरी चूक. सेल चार्ज होताना जाड होतो आणि न हलणारी प्लेट दाब कुठच्या कुठे नेते. म्हणून नटाखाली स्प्रिंग हवी, म्हणजे सेल जाड-बारीक झाला तरी जोर जवळपास तेवढाच राहतो.

गोल सेलही अमर नाही. त्यात बाहेर वाव नसल्याने फॉइलची जुनी गुंडाळी आतल्या पोकळीकडे वाकते, आणि बाहेरून डबा ठीकच दिसतो. दाब फार वाढला तर बऱ्याच सेलच्या झाकणातली चकती विजेचा जोड तोडते, त्यापुढे वायू बाहेर सोडणारा व्हेंट उघडतो. तो पुन्हा बंद होत नाही.