वहिनीच्या चाळीस बरण्या आणि तो फॉरवर्ड

“छोट्या इन्फ्लुएन्सरना पैसे देऊ नका, फक्त प्रॉडक्ट पाठवा, खर्च शून्य! एंगेजमेंट 5% च्या वर असेल तर डोळे झाकून घ्या. पैसे दिले नाहीत म्हणजे ती जाहिरात होतच नाही. कोड द्या, विक्री आपोआप कळते.”

हा मेसेज वाचून आमच्या वहिनीने कांदा-लसूण मसाल्याच्या चाळीस बरण्या वाटल्या, म्हणून लिहितोय.

खर्च शून्य म्हणे! बरणी 110 ला पडते, कुरिअर 70, म्हणजे चाळीसचे 7200 गेले. 240 ची बरणी कोडवर 10% सूट देऊन विकली की हातात राहतात 106. कोडवर ऑर्डरी आल्या 31, वहिनी खूश, मग मी फोन नंबर जुन्या वहीशी ताडून बघितले तर 9 जण नेहमीचेच, ते तसेही घेणार होते, त्यांना फुकटची सूट मिळाली. नवे 22, त्यांचे 2332. आणि कोड न टाकता व्हॉट्सअपवर मागवणाऱ्यांना ‘कुठून कळलं?’ हे कोणी विचारलंच नाही, त्यामुळे ते कोणाच्या खात्यात टाकायचे तेही कळत नाही. आपोआप कळते म्हणे.

एंगेजमेंटचं, म्हणजे फॉलोअरांपैकी किती जण लाइक-कमेंट करतात त्याचं, तर विचारूच नका. 48 हजार फॉलोअरवाला एक होता, टक्केवारी झकास, पण कमेंट उघडल्या तर ‘नाइस’, ‘सुपर भाई’ आणि गिव्हअवेसाठी मित्रांना टॅग केलेलं, तेच पंधरा-वीस लोक एकमेकांच्या पोस्टवर. ऑर्डर शून्य. सहा हजारवाली एक ताई, तिच्याकडे लोक विचारत होते ‘तिखट किती आहे’, ‘मटणाला चालेल का’. 22 पैकी 14 तिच्या एकटीच्या! टक्का नंतर बघा, आधी कमेंट वाचा, आणि रीच, सेव्ह, प्रेक्षक कुठल्या शहरातले याचे स्क्रीनशॉट मागा.

तिला आता काय द्यायचं? 14 ऑर्डरचे 1484, त्यातून तिची बरणी-कुरिअर 180 वजा, उरले 1304. म्हणून 500 ठरलेले आणि ऑर्डरमागे 40, म्हणजे 1060. पुढच्या रीलला ऑर्डरी कमीच येतील, ज्यांना घ्यायचं त्यांनी घेतलेलं असतं, तेव्हा सगळी रक्कम आधी देऊन बसायचं नाही.

‘जाहिरात होत नाही’ हे मात्र धडधडीत खोटं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फुकट मिळालेली वस्तूही पैशासारखीच धरलीय, ती मिळाली असेल तर प्रेक्षकाला स्पष्ट सांगावं लागतं. वहिनीने पार्सलमध्ये तशी चिठ्ठी घातलीच नव्हती.

बरं, एक मान्य करतो, छोट्यांकडे लोक खरंच प्रश्न विचारतात, मोठ्यांकडे नुसते बदाम टाकून पुढे जातात. पण छोटे म्हणून चाळीस नाही, आधी आठ पाठवायच्या होत्या.