नातीच्या पत्रातले पाच चित्रपट: एका प्रतिक्रियेला उत्तर

"नमस्कार बाई. नातीला लिहिलेलं पत्र वाचलं. पाचही चित्रपट गरिबीचे आणि रडके! 'श्यामची आई'पासून 'फँड्री'पर्यंत चौदा वर्षांच्या मुलीला नुसतं दुःखच दाखवायचं का? त्यातले तीन तर सबटायटल वाचत बघायचे. शिक्षकांना सिनेमातूनही बोधच हवा असतो. जरा हसू द्या की मुलीला!"

नमस्कार.

इराणच्या चित्रपटापासून सुरुवात करते, कारण त्यात कुणी मरत नाही आणि कुणी उपाशीही नाही. अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ चा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?'. कोकेर नावाच्या खेड्यातली शाळा. नेमतजादे या मुलाने गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केला म्हणून मास्तर तो कागद फाडून टाकतात आणि बजावतात, पुन्हा असं झालं तर शाळेतून काढून टाकीन. घरी आल्यावर त्याच्या शेजारी बसणाऱ्या अहमदला आपल्या दप्तरात दोन सारख्या वह्या सापडतात. मित्राची वही चुकून त्याच्याकडे आली आहे. मित्र राहतो टेकडीपलीकडच्या पोश्तेमध्ये आणि त्याचं घर अहमदला माहीत नाही.

तो आईला सांगायला जातो. आई म्हणते, आधी तुझा गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो. ती बाळाकडे बघायला सांगते, दुकानातून पाव आणायला सांगते आणि परत गृहपाठावर येते. ती दुष्ट नाही, कामात आहे. मुलाचं वाक्य तिच्या कानावर पडतं, पण पोचत नाही. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नोकरीत होते आणि "वही का नाही आणलीस?" हा प्रश्न रोज विचारत होते. त्यानंतरही विचारत राहिले, पण उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबू लागले. तुम्ही हसण्याबद्दल लिहिलंत, म्हणून अहमदच्या आजोबांचंही सांगते. लहानपणी वडील आपल्याला दर आठवड्याला एक नाणं आणि दर पंधरवड्याला मार द्यायचे, असं ते अभिमानाने सांगतात. नाणं द्यायला ते कधी विसरत, मार द्यायला कधीच नाही! आमच्या घरात या वाक्याला सगळे मनापासून हसले.

अहमदला ते घर सापडत नाही. रात्री तो मित्राचाही गृहपाठ स्वतः लिहून काढतो. दुसऱ्या दिवशी मास्तर दोन्ही वह्या तपासतात आणि त्यांच्या काहीच लक्षात येत नाही. आता यात बोध कोणता सांगाल? दुसऱ्याचा गृहपाठ लिहून देऊ नये, हे मी सगळी नोकरीभर मुलांना सांगितलं. या चित्रपटात मात्र मी पूर्णपणे अहमदच्या बाजूने असते. नातीने मला विचारावं, "मग तू वर्गात काय केलं असतंस?" त्याचं तयार उत्तर माझ्याजवळ नाही, आणि म्हणूनच हा चित्रपट यादीत पहिला आहे.

'पथेर पांचाली'बद्दल तर मला तुमच्याशी भांडायचंच आहे. सत्यजित राय यांच्या या १९५५ च्या चित्रपटात छोट्या अपूची मोठी बहीण दुर्गा मरते हे खरं. पण त्याआधी किती गंमत आहे! किराणा दुकान आणि शाळा एकाच ओट्यावर चालवणारे गुरुजी आहेत. तुलसी चक्रवर्ती यांनी ते असे उभे केलेत की एकीकडे गिऱ्हाइकाला माल तोलून देणं चाललंय, दुसरीकडे मुलांना शुद्धलेखन सांगणं, आणि मधूनच छडी. मिठाईवाल्याच्या मागे अपू, त्याच्या मागे दुर्गा, त्यांच्या मागे कुत्रा, आणि ती सगळी वरात तळ्याच्या पाण्यात उलटी दिसते. पैसे नाहीत, मिठाई मिळणार नाही, तरी दोघं मजेत चालली आहेत. गरिबी दाखवणं आणि गरिबांना फक्त दुःखी दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राय यांनी दुसरी केली नाही.

त्यातल्या मण्यांच्या माळेसाठी मी हा चित्रपट सुचवला. शेजारणीची माळ हरवते, आळ दुर्गावर येतो. ती नाही म्हणते. आई तिला केस धरून फरफटत घराबाहेर काढते. पुढे दुर्गा तापाने जाते. घर सोडून काशीला निघताना अपूला वरच्या फळीवर ती माळ सापडते. म्हणजे दुर्गाने ती घेतली होती. अपू कुणाला बोलावत नाही. तळ्याकाठी जाऊन माळ फेकून देतो. शेवाळ जरासं बाजूला होतं आणि पुन्हा मिटतं. आईवडिलांना हे कधीच कळत नाही. इतक्या लहान मुलाने कुणीही न सांगता घेतलेला हा निर्णय आहे.

आमच्या शाळेत कुणाचं पेन हरवलं की सगळ्यांची दप्तरं टेबलावर उलटी करायची पद्धत होती. 'पथेर पांचाली' पाहिल्यावर माझ्या वर्गात मी ती बंद केली. "ज्याला सापडेल त्याने मधल्या सुट्टीत खिडकीत ठेवावं" असं सांगून बाहेर जायचे. वस्तू दर वेळी मिळायचीच असं नाही. पण कुठल्या मुलावर चोर म्हणून शिक्का बसला नाही, आणि पेनापेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

'बायसिकल थीव्ज'चं थोडक्यात. व्हित्तोरिओ दे सिका, १९४८, रोम. सायकल चोरीला गेलेला बाप शेवटी स्वतः एक सायकल चोरतो आणि पकडला जातो. छोटा ब्रूनो गर्दीत घुसून रडतो, बापाची खाली पडलेली टोपी उचलून झटकतो. सायकलचा मालक त्या मुलाकडे बघतो आणि बापाला सोडून देतो. बाप चुकला हे मुलाने डोळ्यांनी पाहिलंय, तरी तो त्याचा हात धरतो. चौदाव्या वर्षी आईवडील चुकतात हे नव्यानेच दिसायला लागतं, म्हणून हे वय योग्य आहे असं मी म्हणते.

'श्यामची आई' डोळ्यांत पाणी आणतो, तुमचं म्हणणं इथे मला मान्य. पण आचार्य अत्रे यांच्या याच १९५३ च्या चित्रपटात "छडी लागे छम छम" आहे आणि ते गाणं म्हणताना शाळेतली पोरं दंगा करायची, हे तुम्हालाही आठवत असेल.

राहिला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', २०१३ चा. हा मी विचार करून शेवटी ठेवला. कैकाडी कुटुंबातल्या जब्याला शाळेत शालू आवडते, आणि शाळेजवळच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याला घरच्यांबरोबर डुक्कर पकडावं लागतं. पाठलाग ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही थांबतात, डुक्कर निसटतं. पुढे पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांचं आणि सावित्रीबाईंचं चित्र दिसतं. बघणारे हसत असतात. मी शिकवलेल्या पुस्तकांत ही चित्रं होती, हे राष्ट्रगीत मी रोज म्हणून घेतलं. वर्गात मागच्या बाकावर बसणारी काही मुलं शाळा सुटल्यावर कुठे जातात, काय करतात, हे मात्र मला त्या पुस्तकांतून कळत नव्हतं. जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड थेट पडद्यावर, आपल्या दिशेने येतो.

माझी नात मोठ्या शहरातल्या चांगल्या शाळेत शिकते. तिच्या वर्गात कोण कुणाला काय म्हणून चिडवतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून 'फँड्री' तिने एकटीने बघू नये, एवढी अट मी पत्रात घातली. दिवाळीच्या सुट्टीत ती आली की आम्ही दोघी मिळून बघणार आहोत. सबटायटलचं म्हणाल, तर ती कोरियन मालिका सबटायटल वाचतच बघते, आणि हसवणारे चित्रपटही तिचे तीच शोधते. त्यातले दोन तिने मला दाखवलेत आणि ते मला आवडले.