पहिली गाडी थांबते, माणूस दुसरीखाली येतो

झेब्रा क्रॉसिंगवर थांबायचा विषय निघाला की आपल्या सोलापुरात एक उत्तर हमखास येतं: "अवो, थांबलो तर मागचा ठोकतोय." ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. पण मागचा फक्त ठोकतो असं नाही. बहुतेक वेळा तो ठोकत नाही, बाजूने निघून जातो. क्रॉसिंगवरचा सगळ्यात वाईट अपघात त्यातूनच होतो, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

विजापूर रोड किंवा होटगी रोडसारखा मोठा रस्ता डोळ्यासमोर आणा. मध्ये डिव्हायडर, एका दिशेला दोन गाड्या शेजारी-शेजारी मावतील इतकी जागा. साठीतल्या एक मावशी डावीकडून झेब्र्यावर उतरल्या. डाव्या बाजूचा टेम्पोवाला भला माणूस, त्याने ब्रेक दाबला, पण थांबला तो अगदी पट्ट्यांना चिकटून. मावशी त्याच्या तोंडापुढून चालू लागल्या. मागून ४० च्या वेगाने दुचाकी येतेय. त्या पोराला टेम्पोचं फक्त मागचं दार दिसतंय. टेम्पो सवारी घ्यायला थांबला असेल असं समजून तो उजवीकडून काढतो.

आता एक साधा हिशोब करू. मावशी सेकंदाला साधारण एक मीटर चालतात. दुचाकी टेम्पोपासून मीटरभर अंतर ठेवून जातेय. म्हणजे टेम्पोच्या कडेबाहेर पाऊल पडल्यापासून मावशी दुचाकीच्या वाटेवर यायला एकच सेकंद लागतो. ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर माणूस आहे हे कळून हात ब्रेकवर जायलाच सुमारे सेकंद लागतो, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने गाडी थांबायला पुढे आणखी दहाएक मीटर लागतात. एकूण २१ मीटर हवेत, त्याच्याकडे ११ आहेत. ब्रेक लागायच्या आतच धडक होते. त्या पोराचं लक्ष होतं, तो मोबाईलवर नव्हता, हॉर्नही वाजवला असेल. त्याने काही फरक पडत नाही, कारण टेम्पोमुळे दोघं एकमेकांना दिसलेच नाहीत.

म्हणून माझं ठाम मत आहे: थांबायचं कर्तव्य सगळ्यात आधी मागून येणाऱ्याचं आहे. क्रॉसिंगजवळ कुणी थांबलेलं दिसलं की त्याच्यापुढे माणूस आहे असंच धरून चालायचं. मोकळी दिसणारी उजवी बाजू तेव्हा मोकळी नसते.

कायदाही वेगळं सांगत नाही. २०१७ साली केंद्राने मोटार वाहन चालवण्याचे नवे विनियम आणले. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी चालणाऱ्यांना, व्हीलचेअरवाल्यांना आधी जाऊ द्यायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हे 'चालकाने' म्हणजे प्रत्येक चालकाने. पहिल्याने थांबून दुसऱ्याचं काम केलं असं होत नाही. पुढे वाहतूक अडलेली असेल आणि आपली गाडी पट्ट्यांवर अडकणार असेल, तर त्यांवर चढायचंच नाही, हेही तिथेच आहे. हे विनियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५०० ते १००० रुपये दंडाची तरतूद आहे. ही रक्कम मला अपुरी वाटते. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले, हा केंद्राच्याच रस्ते मंत्रालयाचा आकडा आहे. त्या वर्षीच्या रस्ते अपघातांतल्या दर पाच मृतांमागे एक माणूस पायी चालणारा होता.

थांबणाऱ्यानेही नीट थांबायला हवं. झेब्र्याच्या अलीकडे आडवी पांढरी रेघ असते, ती थांबण्यासाठीच आहे. जमलं तर तिच्याही थोडं मागे थांबा. तुम्ही जितके मागे, तितका तुमच्या गाडीपुढचा कोपरा मोकळा राहतो आणि शेजारून येणाऱ्याला माणूस लवकर दिसतो. ब्रेक एकदम न दाबता लांबूनच हलका लावा, म्हणजे मागचा लाल दिवा आधी दिसतो आणि ठोकण्याची भीतीही कमी होते. उजवा हात बाहेर काढून तळवा खाली करून वर-खाली हलवायची खूण आपण लायसन्सच्या वेळी शिकलो होतो. ती इथे खरोखर उपयोगी पडते.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. "जा, जा" म्हणून पादचाऱ्याला हात दाखवू नका. त्यात भलेपणा असतो हे मला मान्य आहे. पण तुम्ही फक्त तुमच्या बाजूची हमी देऊ शकता, शेजारच्या रांगेची नाही. तुमच्या हाताकडे बघून म्हातारी माणसं विश्वासाने पळत सुटतात. तुम्ही नुसते थांबा, कधी निघायचं ते त्यांना ठरवू द्या.

घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांना एवढंच शिकवा: थांबलेल्या गाडीपुढून जाताना तिची कड आली की पाय थांबवायचा, डोकवायचं, पुढची बाजू रिकामी आहे किंवा थांबलीय हे बघायचं आणि मगच निघायचं. ही जबाबदारी त्यांच्यावर टाकावी लागते याचा मला राग येतो. पण जीव त्यांचा आहे.

फूटपाथचा प्रश्नही मला याच 'न दिसण्या'शी जोडलेला दिसतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगा, अडथळे नसलेला फूटपाथ हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. नवी पेठेत खरेदीला गेलेल्या बाईला किंवा पूर्व भागात विड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडे निघालेल्या कामगार बाईला हा हक्क कुठे मिळतो? फूटपाथवर दुचाकी लावलेल्या असतात, म्हणून ती खाली उतरते. कडेला रिक्षा उभ्या असतात, म्हणून ती दोन रिक्षांच्या फटीतून रस्त्यात येते. त्या टेम्पोने मावशींना जसं झाकलं, तसंच या रिक्षा तिला झाकतात. क्रॉसिंगच्या तोंडाशी लावलेली एक चारचाकी पूर्ण क्रॉसिंग निकामी करते. "पाचच मिनिटं लावलीय" म्हणणाऱ्याला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. कायद्याने फूटपाथवर आणि क्रॉसिंगजवळ गाडी लावायला बंदी आहेच.

महापालिकेकडे आणि वाहतूक शाखेकडे माझी मागणी लहान आहे. रुंद रस्त्यांवरच्या बिनसिग्नल क्रॉसिंगवर थांबण्याची रेघ सध्यापेक्षा काही मीटर मागे न्या आणि ती जाड रंगवा. क्रॉसिंगच्या अलीकडच्या निदान एका गाडीच्या लांबीत खांब रोवा, म्हणजे तिथे काही उभंच राहणार नाही. डिव्हायडरच्या फटीत माणूस क्षणभर सुरक्षित उभा राहील एवढी जागा द्या, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहतूक बघावी लागेल. शाळा आणि दवाखान्यांसमोर तर झेब्रा फूटपाथच्या उंचीला उचलून घ्या. मग वेग आपोआप उतरतो. ३० च्या वेगात थांबायला १४ मीटर पुरतात, ४० ला २१ लागतात. रस्त्याचं डांबरीकरण झालं की पट्टे त्याच आठवड्यात परत मारा, आणि पहिले काही दिवस तिथे एक पोलीस उभा करा. थांबलेल्या गाडीला वळसा घालून जाणाऱ्याला त्याने अडवावं.