प्रतिक्रियेला उत्तर : वीस रुपयांच्या पाकिटातला एक पैसा

करासकट किमतीतून केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी वेगळा काढून बिल कसं छापायचं, यावरच्या माझ्या लेखावर ही प्रतिक्रिया आली :

«भाऊ, एवढा पसारा कशाला? किमतीला १.०५ ने भागा, उरला तो कर, अर्धा-अर्धा करा. बिलाची बेरीज शेवटी रुपयात येतेच. काउंटरवर कधी बसलात का? आणि १२ टक्क्यांचं उदाहरण शिळं आहे.»

शेवटचं मान्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक माल १२ मधून ५ टक्क्यांवर आला, ते उदाहरण बदलतो.

पण ‘काउंटरवर बसलात का’ हे लागलं. अमळनेरला वडिलांच्या किराणा दुकानात मी अकरा वर्षं बसलो. जीएसटी आला त्या जुलै २०१७ मध्येही गल्ल्यावर मीच होतो. विचारायची रीत असते, भाऊ.

आता तुमचं ‘शेवटी येतेच’. शेवेचं २० रुपयांचं पाकीट घ्या, दर ५ टक्के. १.०५ ने भागलं की मूळ किंमत १९.०५, कर ९५ पैसे. त्याचा अर्धा साडेसत्तेचाळीस पैसे, तो छापणार कसा? सीजीएसटी ४८ आणि एसजीएसटी ४७ छापता येत नाही, कारण दोन्ही अडीच टक्केच आहेत. दोन्ही ४८ छापले, तर ओळीची बेरीज २०.०१.

त्याच बिलात घड्याळाचा १० रुपयांचा सेल, १८ टक्के. मूळ ८.४७, त्याचे ९-९ टक्के म्हणजे कर ७६ आणि ७६ पैसे, बेरीज ९.९९. एक पैसा वाढला, एक घटला, आणि बिल बरोबर ३० रुपये! तुमची शेवटची बेरीज चूक दाखवत नाही, झाकते. बिलाखालच्या दरवार तक्त्यात मात्र ५ टक्क्यांपुढे २०.०१ राहतं. आमच्याकडे एका गुरुजींनी असंच बिल पेन्सिलीने बेरीज करून परत आणलं होतं. सॉफ्टवेअर देणाऱ्याने तेव्हा मला तुमचंच उत्तर दिलं होतं.

म्हणून आधी अर्धा कर काढून पैशापर्यंत पूर्ण करायचा आणि मूळ किंमत वजाबाकीने काढायची. P करासकट किंमत, R टक्क्यांतला दर, C अर्धा कर, B मूळ किंमत :

```
C = ROUND(P*R/(200+2*R), 2)
B = P - 2*C
```

शेवेला C येतो ०.४८ आणि B १९.०४. सेलला ०.७६ आणि ८.४८. उलट ताळा करा : १९.०४ चे अडीच टक्के ०.४७६, म्हणजे छापील ४८ पैसेच. ८.४८ चे ९ टक्के ०.७६३, म्हणजे ७६.

हेच पाकीट तीनदा वेगवेगळ्या ओळींत आलं, तर सीजीएसटी १.४४ होतो. एका ओळीत ६० रुपये लिहिले, तर १.४३. दोन्ही चालतात, पण खालचा तक्ता छापलेल्या ओळींच्या बेरजेतून यावा. तो एकूण रकमेवरून नव्याने काढलात, तर पुन्हा एक पैसा निसटतो.

बाकी मुद्द्यांत शिरत नाही. पुढच्या वेळी असं लिहिण्याआधी हातात एक बिल घेऊन ओळी जुळवा.