रविवारी हप्ता कापला जात नाही, हा समज आता जुना झाला

'हप्त्याची तारीख रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी आली तर बँक पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशीच कापते. शुक्रवारी चेक टाकला तरी निश्चिंत राहा.'

असा एक संदेश फिरत असतो. त्यातले पहिले वाक्य एकेकाळी खरे होते. हप्ते वळते करणारी नॅच ही यंत्रणा पूर्वी बँकांच्या कामकाजाच्या दिवशीच चालत असे. परंतु 1 ऑगस्ट 2021 पासून ती रविवारी आणि सुट्ट्यांनाही चालते. रिझर्व्ह बँकेच्या यादीत नागपूरसाठी सुट्टी असली, शाखेला कुलूप असले, तरी हप्त्याची मागणी खात्यावर येऊ शकते.

दुसऱ्या वाक्यात अधिक धोका आहे, कारण चेक मात्र अजूनही कामकाजाच्या दिवशीच वटतो. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सलग पुढे पाठवले जातात, पण ठरलेल्या वेळेतच, जी जानेवारी 2026 पासून सकाळी 9 ते दुपारी 3 अशी आहे, आणि ज्या बँकेवर तो काढला आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो.

नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानदाराचे उदाहरण घेऊ. त्याचा 18,400 रुपयांचा हप्ता 10 मे 2026 रोजी, म्हणजे रविवारी आहे, आणि खात्यात 6,200 रुपये आहेत. गिऱ्हाइकाने दिलेला 15,000 रुपयांचा चेक त्याने शुक्रवारी, 8 मे रोजी, संध्याकाळी पाच वाजता पेटीत टाकला. 9 मे हा दुसरा शनिवार, त्यामुळे चेक सोमवारी पुढे जातो. रविवारी मागणी येते, शिल्लक अपुरी म्हणून ती परत जाते, आणि सोमवारी खात्यात 21,200 रुपये जमा दिसत असूनही हप्ता थकलेला असतो. शिवाय मागणी परत गेल्याचा आकार त्याची स्वतःची बँक लावते आणि कर्ज देणारी संस्थाही आपला वेगळा आकार लावते. तोच चेक शुक्रवारी सकाळी अकराला काउंटरवर दिला असता आणि शाखेने तो वेळेत पाठवला असता, तर बहुधा हा प्रसंग टळला असता. शनिवारी यूपीआय किंवा एनईएफटीने पैसे मागवले असते तरी चालले असते, कारण या दोन्हींना सुट्टी नसते.

'एका दिवसाने काय होते' असेही या संदेशाखाली लिहिले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2021 च्या स्पष्टीकरणानुसार, देय तारखेच्या दिवसअखेरीच्या प्रक्रियेपर्यंत रक्कम आली नाही, तर थकबाकी त्याच तारखेपासून मोजली जाते.

हप्त्यासाठी पुढील तारखांचे चेक देऊन ठेवले असतील, तर रविवारचा चेक सोमवारीच जातो. तिथे हा दावा आजही बऱ्याच अंशी लागू पडतो. आपला हप्ता कोणत्या मार्गाने जातो हे पासबुकातल्या मागच्या नोंदीवरून कळते: तिथे ACH किंवा NACH अशी अक्षरे असतील, तर पुरेशी शिल्लक आदल्या रात्रीच खात्यात असू द्यावी.