‘बाय’ आणि ‘फॉर’ गाळून हा काळ शिकवणं आता बंद करा

इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता छापणाऱ्या प्रत्येक गाइडवाल्याला मला एकच विचारायचं आहे. ‘शी विल हॅव बीन टीचिंग इंग्लिश.’ मागचापुढचा काही संदर्भ नसताना एवढंच वाक्य बोललेलं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का? तक्त्यातला अगदी शेवटचा चौकोन, चालू पूर्ण भविष्यकाळ, त्यात हे वाक्य वर्षानुवर्षं पडून आहे. खाली सूत्र: विल हॅव बीन अधिक आयएनजी. त्याखाली मराठी अर्थ: ‘ती इंग्रजी शिकवत आलेली असेल.’ अशी मराठी कोण बोलतं हो? मुलं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्क घेतात आणि विसरून जातात. यात मुलांचा काहीही दोष नाही.

मी नववी-दहावीच्या मुलांना घरी इंग्रजी शिकवते. परवा एका मुलीचा चाचणीचा पेपर हातात आला आणि डोकंच फिरलं. प्रश्न होता, ‘शी टीचेस इंग्लिश’ या वाक्याचा काळ बदला. तिने लिहिलं होतं, ‘बाय नेक्स्ट जून शी विल हॅव बीन टीचिंग इंग्लिश फॉर टेन इयर्स.’ तिचा अर्धा मार्क कापला होता. कारण? ‘जादा शब्द घातले.’ शेजारच्या मुलाने नुसतं ‘शी विल हॅव बीन टीचिंग इंग्लिश’ लिहिलं, त्याला पूर्ण मार्क! मी त्यांच्या सरांना फोन केला, तर म्हणाले, “मॅडम, उत्तरसूचीत जेवढं आहे तेवढंच आम्ही धरतो.” म्हणजे ज्या दोन तुकड्यांसाठी हा काळ वापरायचा, तेच तुकडे जादा ठरले!

हा काळ नुसतं ‘पुढे काय चाललेलं असेल’ ते सांगत नाही. तेवढ्यासाठी ‘विल बी टीचिंग’ आहेच. पुढच्या काळातल्या एका ठरलेल्या क्षणी उभं राहून मागे वळायचं आणि तोवर किती काळ झाला ते मोजायचं, हे त्याचं काम. उभं कुठे राहायचं ते ‘बाय’ सांगतं. मागे किती मोजायचं ते ‘फॉर’ सांगतं. संदर्भाशिवायच्या वाक्यातून ही दोन्ही काढलीत, तर मोजायचं कुठून आणि किती?

समजा, एक बाई जून 2017 मध्ये शाळेत लागल्या. आपण हे बोलतोय जून 2026 मध्ये. म्हणजे आज त्यांची नऊ वर्षं झाली. ‘बाय जून 2027 शी विल हॅव बीन टीचिंग फॉर टेन इयर्स.’ या दहातली नऊ वर्षं मागेच होऊन गेलेली आहेत, पुढे फक्त एक उरलंय. मुलांना नेमकं हेच कळत नाही. नावात भविष्यकाळ आहे म्हणून त्यांना वाटतं, बाई पुढच्या वर्षापासून शिकवायला लागणार आणि दहा वर्षं शिकवणार. वर्गात विचारून पाहा, निम्म्याहून जास्त हात या अर्थासाठी वर जातात. गाइडमधला ‘शिकवत आलेली असेल’ हा अर्थ हा गोंधळ जराही दूर करत नाही. आपण घरात सरळ म्हणतो, ‘पुढच्या जूनमध्ये बाईंना शिकवायला लागून दहा वर्षं होतील.’ संपलं! हे वाक्य पोरांना सांगितलं की चेहऱ्यावर लगेच उजेड पडतो. छापायला काय जातं?

आता ‘बाय’ सरकवून बघा. बाय जून 2030 केलं की फॉर थर्टीन इयर्स. बाई 2040 च्या जूनमध्ये निवृत्त होणार असतील तर ‘बाय द टाइम शी रिटायर्स’ फॉर ट्वेंटी-थ्री इयर्स. सुरुवात 2017 लाच खिळलेली, ‘बाय’ पुढे गेलं की ‘फॉर’ तेवढ्याने वाढतं. वाक्य तपासायचं असेल तर ‘बाय’मधून ‘फॉर’ वजा करा, सुरुवातीचं साल यायला हवं. एवढी वजाबाकी पाचवीतलं पोरही करतं. आणि हो, ‘बाय द टाइम’नंतर ‘रिटायर्स’च, ‘विल रिटायर’ नाही. तिथे ‘विल’ घातलेली उत्तरं मी छापील वर्कबुकात पाहिली आहेत. छापील!

त्याच वर्कबुकात ‘सिन्स टेन इयर्स’सुद्धा आहे. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, सिन्स 2017. दहा वर्षं हा क्षण नाही, तो अवधी आहे, त्याला ‘फॉर’च हवं. आपल्याकडे ‘दहा वर्षांपासून’ म्हणतात, म्हणून मुलं ‘फ्रॉम टेन इयर्स’ किंवा ‘सिन्स टेन इयर्स’ लिहिणार हे उघड आहे. ती चूक दुरुस्त करायला पुस्तक असतं ना? पुस्तकच चुकलं तर मूल जाणार कुठे?

‘बाय’चंही तेच. ‘बाय’ आणि ‘अंटिल’ या दोघांपुढे गाइडात एकच अर्थ, ‘पर्यंत’. मग मुलं लिहितात ‘अंटिल नेक्स्ट जून शी विल हॅव बीन टीचिंग फॉर टेन इयर्स’. ‘अंटिल’ म्हणजे तोवर काम चालू आणि मग थांबणार: शी विल बी टीचिंग हिअर अंटिल जून, नंतर बदली. ‘बाय’ कुठलंच काम थांबवत नाही. जून आला तरी बाई शिकवतच असतील, आपण फक्त त्या दिवशी हिशोब केला. ‘बाय’च हवं असंही नाही, ‘नेक्स्ट जून’ किंवा ‘इन जून’ही चालतं. पण कुठलातरी क्षण समोर हवाच.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती क्रियापदं बदलायच्या यादीची. वीस क्रियापदं द्यायची आणि म्हणायचं, सगळी या काळात लिहा. त्यात ‘नो’ असतं, ‘ओन’ असतं. मुलं बिचारी लिहितात, ‘बाय 2027 आय विल हॅव बीन नोइंग हर फॉर टेन इयर्स.’ हे इंग्रजीच नाही. ओळखणं, मालकीचं असणं या स्थिती आहेत, चालू असलेली कामं नाहीत. तिथे साधं ‘विल हॅव नोन’ लागतं, ‘फॉर टेन इयर्स’ मात्र तसंच राहतं. तसंच, वेळेऐवजी नग मोजायचे असतील, बाईंनी चारशे मुलं शिकवून झाली असतील, तर ‘विल हॅव टॉट फोर हंड्रेड स्टुडंट्स’. तिथेही ‘बीन टीचिंग’ नको. हा फरक मी एकाही गाइडात धड वाचलेला नाही, पण यादीत वीस क्रियापदं न चुकता असतात.

त्या मुलीला मी सांगितलंय, पुढच्या पेपरातही ‘बाय’ आणि ‘फॉर’ लिहायचं. अर्धा मार्क कापला तर मी स्वतः शाळेत येऊन त्या सरांसमोर 2027 मधून दहा वजा करून दाखवीन.